अनुभव धागा : शंभर माणसं, एक फोटो आणि झाकलेले चेहरे

गेल्या डिसेंबरात आमच्या दहावीच्या बॅचचं पंचवीस वर्षांनी संमेलन झालं. शिक्षक धरून ९६ जण. शाळेच्या मैदानावर ग्रुप फोटो काढला, आणि रांगा लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण 'तू पूर्वी मॉनिटर होतीस'. सतरंजीवर १८, खुर्च्यांवर १८, मागे उभे ६०, वीस-वीसच्या तीन रांगांत. उभ्यांना मी अगदी काटेकोर उंचीने लावलं होतं, बुटके पुढे, उंच मागे. फोटोग्राफरच्या जागेवर जाऊन स्वतः बघूनही आले, सगळे दिसत होते.

फोटो हातात आला तेव्हा अकरा चेहरे गायब. कुणाचं फक्त कपाळ, कुणाचा एक डोळा आणि कान. गंमत म्हणजे मधले बहुतेक दिसतात, अकरांपैकी नऊ जण दोन्ही कडांचे आहेत. त्यातली एक मैत्रीण खास दुबईहून आली होती, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

येत्या जानेवारीत पुन्हा भेटतोय. तुम्ही असा मोठा फोटो लावला असेल, लावताना फसला असाल किंवा त्यात झाकले गेला असाल, तर लिहा.

सी सर्टिफिकेट
यात अवघड काय आहे? आम्ही एनसीसीत दोन मिनिटांत करायचो. 'लंबा दाहिने, छोटा बाएं', सगळे एका ओळीत कदवार. मग गिनती. विषम आकडे एक कदम पुढे, सम एक कदम मागे, एक नंबर जागेवर, बाकी विषम दाहिने वळणार, सम बाएं, आणि चालत येऊन तीन रांगा तयार. कुणी कुणाशी वाद घालत नाही. ऑफिसच्या फोटोला मी हेच केलं. एकच झालं, फोटोत दोन्ही टोकांना ताडमाड माणसं आली आणि मध्ये खड्डा पडला. साहेब मध्ये, आणि साहेबच सगळ्यांत बुटके दिसले. पण शिस्त दिसते.

जुना कॅमेरा
तीस वर्षं तालुक्यातल्या शाळांचे वर्गफोटो काढले, आता दुकान मुलगा बघतो. एनसीसीवाल्या दादांची पद्धत चुकीची नाही, पण ती परेडसाठी आहे. तिच्यात उंच माणसं दोन्ही टोकांना आणि बुटकी मध्ये येतात, तशीच ती बनवलेली आहे. फोटोला उलटं लागतं. आम्ही एका ओळीत उंचीने उभं करायचो, हव्या त्या संख्येवर ओळ तोडायचो, आणि प्रत्येक तुकड्यातला सगळ्यांत उंच मध्ये ठेवून पुढचा उजवीकडे, त्याच्या पुढचा डावीकडे, असे लावत जायचो.

पण ताई, तुमचा फोटो उंचीमुळे बिघडलेलाच नाही. साठ मोठी माणसं उंचीने लावून तीन रांगा केल्या, तर एका रांगेत आणि दुसरीत सरासरी आठ-दहा सेंटिमीटरचाच फरक पडतो. चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत बावीस-तेवीस सेंटिमीटर. म्हणजे नुसत्या उंचीवर मागच्याचं कपाळ आणि फार तर भुवया दिसणार. सपाट मैदानावर मागचा माणूस दिसतो तो पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून, आणि ती फट तुमच्या कडेच्या लोकांना मिळाली नाही.

का मिळाली नाही ते सांगतो. लोकांना 'दोघांच्या मध्ये उभे राहा' म्हटलं की ते नाकासमोर बघून मध्ये उभे राहतात. मधल्या माणसांसाठी ते बरोबर, कारण कॅमेरा त्यांच्या नाकासमोरच असतो. तुमची वीस जणांची रांग म्हणजे साधारण नऊ मीटर. कॅमेरा दहा मीटरवर असेल, तर टोकाच्या माणसाकडे तो तिरका बघतो. दोन रांगांत साठ सेंटिमीटर अंतर असलं, तर त्या तिरकेपणाने पुढची डोकी सत्तावीस सेंटिमीटर सरकल्यासारखी दिसतात. एका माणसाला रांगेत पंचेचाळीस सेंटिमीटर जागा लागते, तिची अर्धी म्हणजे बावीस. म्हणजे नाकासमोर अगदी मध्यावर उभा असलेला टोकाचा माणूस कॅमेऱ्याला बरोब्बर पुढच्याच्या डोक्यामागे दिसतो. त्याने सांगितलेलं सगळं ऐकलं आणि त्यामुळेच तो झाकला गेला.

धागाकर्ती
काका, हे वाचून मी फोटो पुन्हा उघडला. खरंच, कडेचे सगळे एकाच बाजूला झाकलेत. डावीकडच्यांचा उजवा डोळा गेलाय आणि उजवीकडच्यांचा डावा! पण मी कॅमेऱ्याच्या जागेवरून बघितलं होतं, तेव्हा दिसत होते की. मग?

जुना कॅमेरा
तुम्ही बघून परत आपल्या जागेवर गेलात, तोवर लोक सरकले. शिवाय तुमची नजर मध्ये जाते, कडा कुणी बघत नाही. म्हणून मी बघायचं काम त्यांच्यावरच टाकतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर लाल रुमाल बांधायचा आणि ओरडायचं, 'उजवा डोळा झाका, रुमाल दिसतो का? आता डावा झाका, दिसतो का?' दोन्ही डोळ्यांनी दिसला तर तुमचा पूर्ण चेहरा फोटोत आहे. एकाच डोळ्याने दिसला तर अर्धा. माणूस आपोआप चार बोटं सरकतो. शंभर माणसांना अर्धं मिनिट लागतं. पोरांना याचा खेळ वाटतो, मोठ्यांना तर जास्तच.

दुसरं म्हणजे रांगेची टोकं थोडी पुढे वाकवायची, चंद्रकोरीसारखी. सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, आणि नाकासमोरची फट तीच कॅमेऱ्याची फट होते.

ठेंगू मी
उंची चार फूट अकरा इंच. पहिलीपासून निवृत्तीपर्यंतच्या एकूण एक फोटोत मी जमिनीवर बसलेली आहे. एकदा तरी मागच्या रांगेत उभं राहायचंय. साडी नेसून सतरंजीवर बसा, गुडघे कुठे वळवायचे ते कळत नाही, आणि उठताना कुणी हात देत नाही. 'बुटके पुढे' हे सोयीचं आहे, पण कुणाच्या?

जुना कॅमेरा
तुमचं म्हणणं खरं आहे. खुर्चीवर बसवल्यावर उंचीचा फरक बराच कमी होतो, कारण माणसांच्या उंचीतल्या फरकाचा बराच भाग पायांत असतो. बसलेल्या रांगेत उंच माणूस बसवला तरी चालतो. तुम्ही बाकावर उभ्या राहिलात तर फोटोला काहीही होणार नाही, फक्त बाक न डगमगणारा हवा.

गणितवेडा
फोटो वरून काढा, सगळे प्रश्न मिटतात. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढला. मोबाईल जमिनीपासून साडेचार मीटरवर, पहिली उभी रांग तिथून आठ मीटर अंतरावर. नजर तिरकी खाली येते, त्यामुळे साठ सेंटिमीटर मागे उभ्या माणसाला जवळजवळ बावीस सेंटिमीटर फुकट मिळतात. म्हणजे अख्खा चेहरा! उंची लावायचीच गरज नाही.

शटर
हिशेब बरोबर, पण अर्धाच. लोक जास्त म्हणून तुम्ही समोरच्या इमारतीच्या गॅलरीत गेलात आणि अंतर पंधरा मीटर झालं, तर त्याच उंचीवरून बावीसचे अकरा-बारा होतात. कॅमेरा जितका लांब, तितकी उंचीची मदत कमी. जवळ राहावं तर रांग मावत नाही, मग लोक मोबाईलवर ०.५ करतात आणि टोकाच्या मामी ताणून दीडपट होतात. शिवाय दुपारी सगळ्यांनी वर बघितलं की डोळे मिटतात.

गणितवेडा
दुपारी कोण काढतं? आणि वर बघितल्यावर दुहेरी हनुवटी जाते, हा फायदा कुणी सांगत नाही.

वऱ्हाडी
माझा अनुभव लग्नातला. पुतण्याच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला फेटे बांधले. फोटोग्राफरने उंचीने माणसं लावली ती फेटे बांधायच्या आधी. जेवणं झाल्यावर फेट्यांसकट फोटो काढला, तर मागच्या रांगेत फक्त तुरे. फेटा चांगला वीतभर उंची वाढवतो आणि दोन्ही बाजूंनी रुंदही असतो, फटच बुजते. शेवटी फेटेवाले सगळे मागे आणि बायका पुढे, असं केलं. मावशींचा अंबाडा आणि त्यावरचा गजरा हा वेगळाच विषय, पण तो मागच्याला झाकतो हे त्यांना सांगणार कोण?

प्राजक्त
आमच्या दहावीच्या फोटोत मी नाहीच, त्या दिवशी कांजिण्या आल्या होत्या. शाळेकडे जुने फोटो मिळतात का? निगेटिव्ह किती वर्षं टिकते?

धागाकर्ती
प्राजक्त, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल.

काका, आता जानेवारीचं सांगा. माणसं तितकीच, ९६. शाळेत बाक आहेत, टेबलं आहेत, आणि सभागृहासमोर रुंद पायऱ्या आहेत.

जुना कॅमेरा
पायऱ्या असताना मैदानात गेलात कशाला! पायरी साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटरची असते. ती एकटी पुरत नाही, म्हणून एक पायरी सोडून रांग लावा. दोन पायऱ्यांचे मिळून तीस-बत्तीस होतात, त्यात चेहरा आरामात निघतो आणि मागच्याला पाय ठेवायला जागाही राहते. पायऱ्यांसमोर जमिनीवर १८, त्यांच्या मागे खुर्च्यांवर १८, खुर्च्यांमागे जमिनीवरच उभे २०. खुर्चीवरच्या मोठ्या माणसाचं डोकं सव्वा मीटरच्या आसपास असतं, त्यामुळे मागे उभे असलेले तसेही दिसतात. मग दुसऱ्या पायरीवर २०, चौथ्या पायरीवर २०. उंचीचा क्रम फक्त या साठ जणांना लावा, तोही ढोबळ. रुमालाची परीक्षा मात्र सगळ्यांना.

कॅमेरा जमेल तेवढा लांब न्या. ३५ ची लेन्स असेल तर दहा मीटर पुरतील, ५० ची असेल तर चौदा लागतील. लांब गेलात की टोकांचा तिरकेपणाही कमी होतो.

टेबलांवर माणसं उभी करू नका. मी एकदा केली होती. जोडटेबल मध्येच उघडलं आणि मागची सहा मुलं खाली आली. एकाचं मनगट मोडलं. त्यानंतर बाकाच्या वर मी कुणाला चढवलं नाही, आणि बाकही आधी स्वतः चढून हलवून बघतो.

शटर
एक शंका. उंच माणसं मध्ये ठेवायची हे सगळेच म्हणतात, पण चेहरे दिसण्याशी त्याचा काय संबंध? मला तर डोंगरासारखा आकार कृत्रिम वाटतो. मी उंची फक्त पुढे-मागे बघतो, आडवं कुणीही कुठेही.

जुना कॅमेरा
दिसण्याशी संबंध नाही, कबूल. पण फ्रेम करून भिंतीवर लावल्यावर बघा, मग बोलू.

बाकावरची
डोळे मिटण्याचं कुणीच बोललं नाही. २००६ चं इग नोबेल ऑस्ट्रेलियातल्या दोघांना याच्याच गणितासाठी मिळालं होतं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, तितके फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. शंभराला हे लागू नाही, तिथे आशाच सोडायची.

आजीचा नातू
आमच्याकडे आजी व्हीलचेअरवर असते. खुर्च्यांच्या रांगेत मधली एक खुर्ची काढून तिथे लावली, तर चाकांमुळे दोन्हीकडचे लोक लांब सरकतात आणि मागच्या रांगेची फट बिघडते. कडेला ठेवली तर ती रुसते. यावर कुणी काही केलंय का?

धागाकर्ती
आमच्या एका सरांनाही आता व्हीलचेअर लागते, म्हणून मलाही उत्तर हवंय. तोवर लाल रुमाल आणून ठेवते. दुबईच्या मैत्रिणीला मेसेज केलाय, या वेळी तुला मधोमध उभं करते म्हणून. अजून निळी टिक नाही.