बदलीच्या अर्जात फक्त नव्या कामाची आवड लिहावी, की साहेबांचंही लिहावं?

पाळी दोन (रत्नागिरी):
मिरजोळे एमआयडीसीत मासळी निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मी तीन वर्षं प्रॉडक्शन सुपरवायझर आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली आहे. आमच्याच क्वालिटी विभागात जागा निघाली आहे, अर्जाची मुदत 31 जुलै. ते काम मला खरंच आवडतं. आत्ताच्या साहेबांशी माझं फारसं पटत नाही, पण अर्जात तो विषय आणायचा नाही असं मी ठरवलंय. मैत्रीण म्हणते, अर्धंच कारण सांगणं म्हणजे खोटं बोलणं. तुमचं मत काय?

लोटेकर एचआर:
अर्ज कोणाच्या हातात जातो ते आधी बघा. बहुतेक कारखान्यांत त्यावर पहिली सही आत्ताच्या साहेबांची लागते. मग तो एचआरकडे येतो आणि शेवटी नव्या विभागप्रमुखांकडे. साहेबांविरुद्धचं वाक्य साहेबच सर्वांत आधी वाचणार असतील, तर त्या वाक्याने काय साधणार?

पण उघड टीका फारसं कोणी लिहीत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत ती लपून येते. 'मोकळ्या वातावरणात काम करायला आवडेल.' 'माझ्या क्षमतेला वाव मिळेल.' 'योग्य मार्गदर्शनाखाली शिकायचं आहे.' लिहिणाऱ्याला वाटतं आपण फार सभ्यपणे लिहिलंय. वाचणारा लगेच विचारतो, म्हणजे इथे वातावरण कोंदट आहे का? मार्गदर्शन अयोग्य आहे का? अर्ज लिहून झाला की प्रत्येक वाक्यापुढे 'म्हणजे इथे तसं नाही का?' हा प्रश्न ठेवून बघा. जिथे तो चपखल बसतो, ते वाक्य काढा.

मालवणी खाक्या:
माका ह्या पटणा नाय. माणसं काम सोडत नाहीत, साहेबाला सोडतात, हे एचआरवाल्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तरी सगळ्यांनी गोड गोड 'आवड' लिहायची आणि कागदावर सगळं आलबेल दिसायचं. त्या जागी जी पुढची मुलगी येणार, तिला तोच साहेब भेटणार. तिचा विचार कोण करणार? मैत्रीण बरोबर बोलते आहे.

बाई, राजापूर:
मी जिल्हा परिषद शाळेत आहे. आमच्याकडे बदलीत आवडनिवड कोणी विचारत नाही. अवघड क्षेत्रात किती वर्षं काढली, जोडीदार कुठे नोकरीला आहे, आजारपण आहे का, हे बघतात. त्यामुळे माझा सल्ला असा की कारण लिहूच नका. नियमात बसतं का तेवढं बघा आणि कागदपत्रं जोडा. आमच्या एका मॅडमनी कारणांचं पानभर पुराण लिहिलं, काही उपयोग झाला नाही.

लोटेकर एचआर:
बाई, तुमची बदली गाव बदलणारी आणि यादीवरून होणारी. इथे गेट तेच, हजेरीही तीच, फक्त विभाग बदलतो. शिवाय कुठली यादी नाही, निवड माणसं करतात. त्यामुळे कारण हाच अर्जाचा जीव आहे.

मालवणी, तुमच्याशी अर्धा सहमत. साहेबांबद्दल बोलायला नको असं मी म्हणत नाही. त्या कागदावर नको, एवढंच. तक्रार आणि बदली एकत्र बांधली की दोन्हींचं नुकसान होतं. तक्रार 'बदली हवी होती म्हणून केली' ठरते आणि बदली 'भांडण झालं म्हणून मागितली' ठरते.

लॅबवाली:
मी क्वालिटीच्या बाजूची आहे, वेगळ्या कारखान्यात. आमच्याकडे प्रॉडक्शनमधून येऊ पाहणाऱ्यांची कमी नसते. बऱ्याच जणांना खरं म्हणजे हॉलमधली थंडी, गमबूट आणि रात्रपाळी नको असते. त्यात गैर काही नाही, पण 'क्वालिटीची आवड आहे' म्हणणारा माणूस दोन प्रश्नांत उघडा पडतो.

आमच्या मॅडम विचारतात: बांगड्याला बर्फ उशिरा मिळाला, पण नंतर ब्लास्टमध्ये नीट गोठवला, आतलं तापमान उणे 18 आलं. धोका गेला का? पुष्कळ जण 'गेला' म्हणतात. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन हे विषारी द्रव्य तयार होतं, आणि ते एकदा तयार झालं की गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. ज्याला खरीच ओढ आहे त्याला हे माहीत असतं, कारण कधीतरी त्याने कोणाला तरी 'असं का?' म्हणून विचारलेलं असतं. अर्जात हे 'विचारलेलं' दिसायला हवं.

आता प्रॉडक्शनमधून क्वालिटीत येताना एक खास अडचण असते. तुमच्या जवळची सर्वांत चांगली गोष्ट बहुधा अशी असते: 'माल गरम होता, मी थांबवायला सांगितलं, साहेब म्हणाले चालवा.' ती सांगायचा मोह होतो, कारण त्यात तुम्ही शहाण्या दिसता. पण ती गोष्ट सांगणं हाच साहेबांवर आरोप आहे, नाव घेतलं नाही तरीही. ज्यात कोणी खलनायक नाही अशी गोष्ट निवडा.

पाळी दोन:
अशी एक आहे. आमच्या पॅकिंगला मेटल डिटेक्टरची दर तासाची चाचणी मी घेते. एकदा टेस्ट पीस मशीनने पकडलाच नाही. मग मागची चाचणी बरोबर आली होती तिथपासूनची सगळी खोकी बाजूला काढून, मशीन नीट झाल्यावर पुन्हा फिरवली. कुठली खोकी, कुठल्या लॉटची, कोल्ड स्टोरेजमध्ये किती गेली, हे शोधताना मला ते कामच आवडायला लागलं. त्यानंतर आमच्या लॅबमध्ये जाऊन लॉट मागे कसा शोधतात ते विचारून घेतलं.

लॅबवाली:
हेच लिहा! यात साहेब कुठेच नाहीत आणि तुम्हाला नेमकं कुठलं काम हवंय तेही कळतं. मी साधारण असं लिहीन:

'पॅकिंगच्या पाळीत मेटल डिटेक्टरची तासाची चाचणी मी घेते. एकदा चाचणी फसल्यावर आधीच्या तासाभराचा माल लॉटनुसार शोधून पुन्हा तपासावा लागला. तेव्हापासून मला लॉटचा माग काढणं आणि नोंदी ठेवणं या कामाची गोडी लागली. क्वालिटी विभागातल्या या कामासाठी माझा विचार व्हावा. पाळीवर तीन वर्षं काढल्यामुळे नोंद कुठे आणि का चुकते हे मला हॉलच्या बाजूने माहीत आहे, त्याचा तिथे उपयोग होईल. माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीला तयार करून मगच मी जाईन.'

शेवटच्या वाक्यात तारीख घाला. तारीख नसली की 'बघू' म्हणून मार्चपर्यंत लोंबकळत ठेवतात.

हर्णै बंदर:
तारखेवरून आठवलं, मुदत 31 जुलै म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, कारखाने थंड. 1 ऑगस्टला बोटी सुटल्या की साहेब एका माणसालाही हलू देणार नाहीत. आणि एक सांगतो, आधी क्वालिटीच्या प्रमुखांना गाठा, त्यांचा होकार घ्या, मग साहेबांना सांगा. होकार हातात असला की साहेबांना नाही म्हणता येत नाही.

लॅबवाली:
पहिलं निम्मं बरोबर. बंदीत बोटींचा माल नसतो, पण तळ्यातली व्हेनामी कोळंबी येत राहते, साठ्यातल्या मालाचं पॅकिंग चालू असतं. काही कारखान्यांत जूनमध्येही पाळ्या भरलेल्या असतात. तरी ऑगस्टपेक्षा आत्ता मागितलेलं केव्हाही बरं.

लोटेकर एचआर:
होकार आधी घेण्याला माझा विरोध. काम काय असतं हे विचारायला क्वालिटीत जाणं वेगळं, जागा पक्की करून येणं वेगळं. रत्नागिरीत सकाळी दिलेला होकार दुपारच्या चहापर्यंत साहेबांच्या कानावर गेलेला असतो. तोही तिखटमीठ लावून. मग तुम्ही अर्जात कितीही जपून लिहा, 'माझ्या मागून गेली' हीच टीका त्यांना ऐकू येते.

हर्णै बंदर:
तुमचे साहेब सज्जन असतील. आमच्याकडे आधी सांगितलेल्या मुलाला साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून कायमची रात्रपाळी लावली, अर्ज तिथेच संपला. ज्याच्याशी पटत नाही त्यालाच आधी सांगा, हा सल्ला खुर्चीत बसून द्यायला सोपा आहे.

लोटेकर एचआर:
तसं होऊ शकतं, नाकारत नाही. म्हणून तोंडी सांगितल्यावर त्याच दिवशी अर्ज एचआरला द्यावा, मध्ये आठवडा जाऊ देऊ नये. अर्जाची तारीख नोंदली गेली की नंतरच्या रात्रपाळ्या लोकांच्या डोळ्यांवर येतात. खात्रीचा उपाय मात्र नाही.

मालवणी खाक्या:
एक प्रश्न सगळे टाळतायत. साहेबाने तोंडावर विचारलं, 'माझ्यामुळे जातेस काय गो?' तर काय सांगायचं? 'नाही' म्हटलं तर खोटं. 'हो' म्हटलं तर सही गेली.

लोटेकर एचआर:
खोटं असेल तर 'नाही' म्हणू नये. उलट्या बाजूने 'तुमच्यासारखे साहेब मिळणार नाहीत' असंही नको. त्यावर 'मग जातेस कशाला' याला उत्तर नसतं. मी सांगतो ते असं: 'साहेब, ही जागा निघाली नसती तर मी अर्ज केला नसता. मला ते नोंदींचं काम करायचं आहे.' हे खरं असेल तरच बोला. खरं नसेल, कुठलाही विभाग चालेल अशी स्थिती असेल, तर आवडीचं कारण तुमच्यापुरतंही टिकणार नाही.

मालवणी खाक्या:
म्हणजे प्रश्नाला उत्तर न देता बाजूने निघून जायचं. साहेबाला काय समजायचं ते समजलंच. पण चला, खोटं नाही एवढं मान्य. बाकी माझं मत तेच: जाताना कोणीतरी कुठेतरी सांगितलंच पाहिजे.

बाई, राजापूर:
आता विषय नीट कळला. मग एक विचारते, साहेब तापमानाच्या नोंदी खोट्या भरायला सांगत असतील तरीही गप्प बसायचं का?

लोटेकर एचआर:
नाही. ते न पटण्याच्या पलीकडचं आहे, निर्यातीचा माल आहे. त्याची वेगळी लेखी तक्रार, तारीख आणि लॉट नंबरसकट. आणि बदली होवो न होवो, ती करायचीच.

पाळी दोन:
तसं काही नाही. साहेब ओरडतात आणि आयत्या वेळी पाळी बदलतात, एवढंच. नोंदी चोख असतात, खरं तर त्यांच्यामुळेच. सोमवारी त्यांना सांगून दुपारी अर्ज देते. पुरावा म्हणून त्या चाचणीच्या दिवसाच्या लॉगशीटची झेरॉक्स जोडू का?

लॅबवाली:
अजिबात नको. त्यावर साहेबांची सही असते, त्यांना वाटेल ही आपल्याविरुद्ध कागद जमवत होती. शिवाय ती कंपनीची नोंद आहे, विचारल्याशिवाय बाहेर काढायची नसते. फक्त तारीख लिहा. आमच्या मॅडमसारख्या कोणी असतील तर त्या स्वतःच फाइल काढून बघतील.