मदत हवी आहे: स्लीप ॲप्नियासाठी डेंटिस्ट जबड्याचं उपकरण सांगताहेत, उद्या माप द्यायचंय

रेवती_म
यांना स्लीप ॲप्निया निघालाय. मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन आठ दिवस लावलं आणि कपाटात गेलं. आता डेंटिस्ट म्हणतात, वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारं उपकरण करू, ते झोपेत खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. 45 हजार सांगितलेत. उद्या सहाला माप द्यायचंय आणि निम्मे पैसे भरायचेत. घ्यावं की नाही, एवढंच सांगा. सीपॅपचं लेक्चर नको, प्लीज.

गोदाकाठ
ताई, एएचआय किती आला? म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडकतो तो आकडा. तपासणी घरी झाली की स्लीप लॅबमध्ये? पाठीवर आणि कुशीवर झोपल्याचे आकडे वेगळे दिलेत का? वय, वजन, उंची, पडलेले दात? हे कळल्याशिवाय 'घ्या' किंवा 'नको' कसं सांगणार?

मंदार७२
45 हजार? लुटतायत! आमच्याकडे वरच्या दातांचं गार्ड 4 हजारांत करून देतात, रात्री लावायचं. दात खाणं बंद होतं.

दंतमंजिरी
मंदारराव, ते नाइट गार्ड. दात झिजू नयेत म्हणून ते एकाच जबड्यावर बसवतात. त्याने खालचा जबडा पुढे येत नाही, त्यामुळे घशातली जागाही वाढत नाही. उलट ॲप्निया असलेल्या काहींचा त्रास नुसत्या गार्डने वाढतो. इथे विचारलंय ते वेगळं आहे. जबडा पुढे सरकला की त्याच्याबरोबर जीभही पुढे ओढली जाते आणि पडजिभेच्या बाजूचा भाग ताणला जाऊन श्वासाची वाट उघडी राहते.

रेवती_म
एएचआय 22. घरीच झाली, बोटाला क्लिप, नाकाला नळी, छातीला पट्टा. पाठीवर 38, कुशीवर 9. ऑक्सिजन एकदा 83 पर्यंत उतरला. वय 49, वजन 78, उंची 5 फूट 7 इंच. खालच्या डाव्या दोन दाढा काढल्यात. आता तरी सांगा.

श्री_आठवले
22 म्हणजे मध्यम. ही उपकरणं फक्त सौम्य ॲप्नियासाठी, म्हणजे 15 च्या आत. उत्तर सीपॅपच. बाकी सगळा पैशाचा खेळ.

दंतमंजिरी
आठवलेसाहेब, अर्धं बरोबर आहे. आकडा खाली आणण्यात सीपॅप सरस, यात वाद नाही. पण उपकरण सौम्य आणि मध्यम दोन्हींसाठी देतात. मशीन सहनच होत नसेल तर 30 च्या वरच्यांनाही देतात, तिथे यश कमी मिळतं इतकंच. कपाटातल्या मशीनने एएचआय शून्याने कमी होतो.

रेवतीताई, रिपोर्टमधली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे 38 आणि 9 मधला फरक. श्वास मुख्यतः पाठीवर झोपल्यावर अडकतो, अशांना उपकरण बऱ्याचदा लागू पडतं. वजनही फार नाही. फक्त रिपोर्टमध्ये 'सेंट्रल' प्रकारचे अडथळे किती तेवढं पाहा. तिथे वाट मोकळी असते, मेंदूकडूनच श्वासाचा इशारा येत नाही. ते जास्त असतील तर जबडा कितीही ओढला तरी उपयोग नाही.

आता तोंडाचं. दोन दाढा नसल्या तरी चालतं. प्रत्येक जबड्यात साधारण 8 ते 10 घट्ट दात हवेत, कारण रात्रभर जबड्याला मागे जायचं असतं आणि तो सगळा ताण दातांवर येतो. हिरड्या सुजलेल्या किंवा दात हलत असतील तर आधी तो इलाज. खाली पूर्ण कवळी असेल तर उपकरण धरायला काहीच उरत नाही.

माप घेताना डेंटिस्ट काय करतात ते बघा. जबडा पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे नेऊन मिलिमीटरच्या पट्टीवर अंतर मोजायला हवं. समजा मागे उणे 3 आणि पुढे अधिक 6 आला, तर एकूण हालचाल 9. तिच्या 60 टक्के म्हणजे 5.4. हे मागच्या टोकापासून मोजायचं, म्हणून सुरुवात पट्टीवर अधिक 2.4 ला होते. काही जण नेहमीच्या चाव्यापासूनच 5.4 पुढे नेतात. मग उपकरण पहिल्याच दिवशी जवळजवळ टोकाला जातं, सकाळी कानापुढचा सांधा दुखतो आणि माणूस ते काढून ठेवतो. जबडा पुढे 5 मिलिमीटरही जात नसेल, किंवा सांधा आधीच दुखत असेल, तर पैसे भरू नका.

नीलांबरी
ऑनलाइन 1500 ला मिळतं ना, गरम पाण्यात मऊ करून चावायचं.

दंतमंजिरी
ते सैल बसतं, रात्री निघून येतं, आणि बहुतेकांत जबडा थोडा थोडा पुढे घ्यायची सोय नसते. त्यावरून 'उपकरण लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढतात, तो चुकीचा ठरतो.

गोदाकाठ
एक शंका. घरच्या तपासणीत झोप मोजलीच जात नाही, यंत्र चालू असलेला वेळ मोजतात. 6 तासांत 132 अडथळे, म्हणून 22. पण प्रत्यक्षात झोप साडेचार तासच लागली असेल तर तेच 132 भागिले 4.5, म्हणजे 29. तो जवळजवळ तीव्र झाला. आधी लॅबमध्ये तपासा, मग 45 हजार.

दंतमंजिरी
29 असला तरी त्यांच्यासाठी माझं उत्तर बदलणार नाही, पाठीवरचा आणि कुशीवरचा फरक तसाच राहील. मी लॅबचा खर्च नंतरसाठी राखेन. उपकरण नीट बसलं की ते तोंडात घालूनच पुन्हा तपासणी करायची असते, आणि तीच लोक टाळतात. घोरणं थांबलं म्हणजे झालं असं वाटतं. आवाज गेला तरी ऑक्सिजन खाली जात राहू शकतो.

गोदाकाठ
पटलं नाही. सुरुवातीचा आकडाच कच्चा असेल तर नंतरची तुलना कशाशी करणार? असो. ताई, साहेब गाडी चालवतात का? दिवसा पेंगतात का?

रेवती_म
आठवड्यातून दोनदा नाशिक-पुणे, स्वतः. मागच्या महिन्यात सिग्नलला डोळा लागला होता.

दंतमंजिरी
हे आधी सांगायला हवं होतं, सगळा क्रम बदलतो. माप दिल्यावर उपकरण यायला दोनेक आठवडे. मग आठवड्याला अर्धा-एक मिलिमीटर पुढे, म्हणजे योग्य जागा सापडेपर्यंत दोन-तीन महिने. तोवर ते ड्रायव्हिंग करणार कशाच्या भरवशावर? सीपॅप नीट बसलं तर पहिल्या रात्रीपासून काम करतं. पेंग जाईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या आणि मशीन पुन्हा चालू करा. माप उद्या द्यायला हरकत नाही, पण मशीन परत करू नका.

श्री_आठवले
मी पहिल्यांदा हेच म्हणालो होतो.

दंतमंजिरी
तुम्ही 'फक्त सीपॅप' म्हणालात.

रेवती_म
भांडू नका हो. मशीन लागत नाही म्हणूनच तर इथे आले. तोंड उघडं पडतं, घसा कोरडा होतो, पहाटे तीनला काढून टाकतात.

गोदाकाठ
नाकाचा मास्क असेल तर हे तोंडाने श्वास घेण्याचं लक्षण. नाक बंद असतं का? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलंत?

रेवती_म
नाही. डावी नाकपुडी कायमच बंद असते. लिहिलं नव्हतं का मी?

गोदाकाठ
नव्हतं. मग उद्या डेंटिस्टच्या आधी तिकडे जा. नाक बंद असेल तर मास्क टिकत नाही, आणि अशांना जबड्याचं उपकरणही कमी लागू पडतं. पडदा वाकडा आहे की ॲलर्जीची सूज आहे ते कळू दे. मशीनचं ह्युमिडिफायर चालू होतं का तेही बघा, पुष्कळदा पाण्याची टाकी रिकामीच असते.

रेवती_म
टाकी डब्यातच आहे, लावलीच नव्हती. मापाची तारीख पुढच्या शनिवारवर घेते.

मंदार७२
पण दात खाण्याचं काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही.