मदत हवी आहे: निबंधात चित्र कमी, गोष्टच जास्त. गुण कसे देऊ?

मीरा_रावपुरा
नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात एका कॉलेजात कलेचा इतिहास शिकवते, यंदाच लागले आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना एकाच चित्रावर निबंध दिला होता. राजा रविवर्मांची १८९८ ची शकुंतला, पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी. मूळ चित्र तिरुवनंतपुरमला आहे, त्यामुळे सगळ्यांनी छापील चित्रावरूनच लिहिलंय. बाराशे शब्द, वीस गुण. सव्वीस निबंध आले, कुणाचा गुजरातीत, कुणाचा इंग्रजीत, दोघांचे मराठीत.

अडचण त्या दोन मराठी निबंधांचीच आहे. पहिल्यातला नमुना बघा:

"कण्वमुनींच्या आश्रमात वाढलेली शकुंतला हरिणीसारखी भित्री होती. राजा दुष्यंत दिसताच तिच्या मनात प्रेमाचा अंकुर फुटला. पुढे दुर्वासांच्या शापामुळे याच प्रेमाची केवढी परीक्षा होणार होती, याची तिला कल्पनाही नव्हती."

बाराशे शब्द असेच ओघवते. दुसरा जेमतेम सातशे शब्दांचा, वाक्यं तुटक:

"ती पाय बघत नाही. पाय वर आहे पण डोळे पाठी आहेत. मैत्रीण पुढे चालली. हात खांद्यावर आहे म्हणून पडत नाही. त्रिकोणी रचना आहे म्हणून चित्र स्थिर वाटते."

मी पहिल्याला सोळा आणि दुसऱ्याला नऊ दिले. आठवड्याने पुन्हा वाचले आणि वाटलं, आपण उलटं तर केलं नाही ना? शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणतात, भाषा इतकी छान असताना गुण कापायला हात कसा उचलतो तुझा! गुण अजून वर पाठवलेले नाहीत. काय करू?

विनायक_इंदूर
सरळ हिशेब आहे. विषय चित्राचा आणि लिहिली गोष्ट, तर अर्धे गुण कापा. मी शाळेत चित्रकला शिकवतो, पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो की चित्र बघताना गोष्ट विसरा. रेषा, रंग, रचना, बस. पहिल्याला आठ, दुसऱ्याला चौदा. भाषेचे गुण भाषेच्या मास्तरने द्यावेत.

दांडियाबाजारकर
ताई, मुलांना माहिती कमी पडत असेल तर मी देतो. रविवर्मांचा जन्म १८४८, निधन १९०६. आपल्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून लक्ष्मीविलास पॅलेससाठी चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला नेला. फत्तेसिंह म्युझियममध्ये जाऊन या, मूळ चित्रं बघायला मिळतील. निबंधात एवढं घातलं की वीसपैकी अठरा नक्की!

मीरा_रावपुरा
@दांडियाबाजारकर काका, निबंध मला लिहायचा नाहीये, तपासायचाय 🙂 आणि गंमत म्हणजे तुम्ही लिहिलंत ते जवळजवळ सगळं पहिल्या निबंधाच्या शेवटच्या पानावर आहे.

जुना_फळा
मीराताई, मी तीस वर्षं हेच तपासत आलो, आता निवृत्त आहे. मी काय करायचो ते सांगतो.

निबंधातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं की समोरचं चित्र काढून दुसऱ्या कुणाची शकुंतला टांगली तर हे वाक्य खोटं पडेल का? "हरिणीसारखी भित्री होती" हे कॅलेंडरवरच्या शकुंतलेलाही लागू, नाटकातल्या नटीलाही लागू. म्हणजे ते वाक्य या चित्राचं नव्हे. "पाय वर आहे पण डोळे पाठी आहेत" हे चित्र बदललं की कोसळतं. जे कोसळतं त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. पहिल्या निबंधात किती रेघा पडतात ते मोजा आणि इथे लिहा.

विनायकराव, तुमचं अर्धं पटलं. गोष्टीसाठी गुण नाहीत हे खरं, पण गोष्ट विसरून हे चित्र वाचताच येत नाही. कालिदासाच्या पहिल्या अंकात शकुंतला जाताना म्हणते की पायात कुशाचं टोक गेलं आणि वल्कल फांदीला अडकलं. दुसऱ्या अंकात दुष्यंत तोच प्रसंग विदूषकाला रंगवून सांगतो, तेव्हा कळतं की वल्कल खरं म्हणजे अडकलेलंच नव्हतं. नाटकात थांबायला दोन निमित्तं आहेत. रविवर्मांनी एकच उचललं, पायाचं. फांदी सोडवणाऱ्या बाईचे हात वर गुंतले असते. पाय उचलणाऱ्या बाईला तोल जातो म्हणून आधार घ्यावा लागतो, आणि त्या एका आधारामुळे पुढे निघालेली मैत्रीण नि मागे ओढलेली नजर एकाच देहात बांधली जाते. ही निवड दिसायला गोष्ट माहीत असावीच लागते. तेव्हा गोष्ट आली म्हणून गुण कापू नका. ती कशासाठी आली ते बघा.

विनायक_इंदूर
दोन निमित्तांचं माहीत नव्हतं. ठीक, "गोष्ट विसरा" मागे घेतो. पण मग पोरं "निवड दाखवतोय" असं म्हणून चार पानं कथा लिहितील, त्याचं काय?

जुना_फळा
लिहितात की! म्हणून कथेचं वाक्य आलं की पुढच्या दोन-तीन वाक्यांत चित्राकडे परत वळतंय का ते बघायचं. दुर्वासांचा शाप या चित्रात कुठेच नाही, तिथून परतीची वाट नाही.

मीरा_रावपुरा
मोजलं. पहिल्या निबंधात एकूण ऐंशी वाक्यं. रेघ पडली सहांना, आणि त्यातली चार "एका बाजूला झाड आहे, मागे आश्रम आहे" अशी. शेवटची अकरा वाक्यं रविवर्मांच्या चरित्राची. दुसऱ्यात एकूण बावन्न वाक्यं, रेघ एकतीसना. मला धक्काच बसला, कारण वाचताना पहिल्यातच चित्र जास्त डोळ्यांपुढे येत होतं.

जुना_फळा
ते चित्र तुमच्या डोक्यातलं होतं, ताई. तुम्हाला ते पाठ आहे, त्याने नुसता गोष्टीचा दिवा लावला. तपासणाऱ्याचा घात इथेच होतो.

आता दुसऱ्या निबंधावरही डोळे झाकून खूश होऊ नका. "त्रिकोणी रचना आहे म्हणून स्थिर" हे वाक्य मला खटकतं. त्रिकोणाची तीन टोकं कुठली, ते सांगितलंय का? नसेल तर तो वर्गात ऐकलेला शब्द चिकटवलेला आहे, पहिल्याने शाप चिकटवला तसाच. शिवाय त्याचंच निरीक्षण त्याच्याविरुद्ध जातं. एका पायावर उभी, मान फिरलेली, आधाराचा खांदा पुढे चाललेला, यात स्थिर काय आहे? चित्र पुढच्या क्षणी मोडणार आहे, हीच त्यातली ओढ. त्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पुस्तकी शब्दाने पुसलं. त्या जागी समासात "तीन टोकं दाखव" एवढंच लिहा.

आणि नुसती यादीही विश्लेषण नव्हे. "एका बाजूला झाड आहे" हे खरं आहे, पण त्याने काय झालं? रेघेशेजारी एक बारीक खूण करा, जिथे "म्हणून", "त्यामुळे" असं काही येऊन निरीक्षणातून अर्थ निघतो तिथेच. मला वाटतं दुसऱ्याला अशा आठ-दहा खुणा मिळतील.

शिल्पा_एस
मध्येच बोलते. माझ्या पहिल्या वर्षी अगदी असंच झालं होतं. मी रचनेवर पानं भरली आणि सरांनी लिहिलं, "संदर्भ कुठे?" गुण बारावरून आठवर. अजून राग आहे! संदर्भ म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं, जन्मसाल लिहायचं असतं असं वाटायचं.

नंतर आजीच्या देवघरातली रविवर्मा छापाची लक्ष्मी नीट बघितली तेव्हा कळलं. तिच्या साडीवर आजीच्या सासूने खरी जरी आणि टिकल्या चिकटवल्यात. चेहरा आणि हात मात्र उघडे ठेवलेत, कारण तिथे छाया-प्रकाशाने आलेली गोलाई झाकायची नव्हती. छापलेलं चित्र घरात आलं आणि पूजेचं झालं, हे सगळं त्या टिकल्यांत दिसतं. माझ्यासाठी संदर्भ म्हणजे तेच, चित्रावर बोट ठेवून दाखवता येतं ते.

जुना_फळा
शिल्पाताई, हे मी वर्गात सांगितलं असतं. दांडियाबाजारकरांची माहितीही बरोबर आहे, फक्त तिला चित्रातली खुंटी हवी. छापखाना १८९४ चा आणि हे चित्र १८९८ चं, ही नुसती दोन सालं. पण जो विचारेल की ही बाई नाटकातल्या वल्कलात का नाही, अंगावर मऊ कापडाच्या चुण्या का आहेत, आणि त्या चुण्या तैलरंगाच्या युरोपीय पद्धतीने छटा चढवत का रंगवल्यात, त्याने संदर्भाला हात घातला. एक धोका मात्र आहे. मुलांनी छापील प्रत बघितलीय, त्यामुळे रंगांच्या छटांवरून कुणी फार मोठे निष्कर्ष काढले असतील तर त्यांवर गुण देऊ नका आणि कापूही नका. प्रतीत रंग कुठे गडद झाले ते तुम्हालाही माहीत नाही.

दांडियाबाजारकर
खुंटीचं पटलं. पण मला एक सांगा, ती बघते ती कुणाकडे? दुष्यंत चित्रात नाहीच. म्हणजे बघणारे आपण दुष्यंत झालो ना?

शिल्पा_एस
नाही हो काका, तिची नजर चौकटीबाहेर जाते, आपल्याकडे येत नाही. आपण बाजूने चोरून बघतोय.

जुना_फळा
यावर माझे विद्यार्थी दरवर्षी भांडायचे. दुसऱ्या अंकात दुष्यंताच्या तोंडून हा प्रसंग आहे हे धरलं तर काकांचं बरोबर, नजरेची दिशा धरली तर शिल्पाताईंचं. दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण दिलेत, नजर कुठे जाते हे दाखवलं असेल तर.

मीरा_रावपुरा
मग मी असे विभागले: निरीक्षण सहा, निरीक्षणातून अर्थ आठ, चित्राशी जोडलेला संदर्भ चार, मांडणी आणि भाषा दोन. पहिल्याला दोन, एक, शून्य, दोन म्हणजे पाच. दुसऱ्याला पाच, पाच, एक, एक म्हणजे बारा. सोळावरून पाच! कसं सांगू त्या मुलीला?

जुना_फळा
आधी प्रश्नपत्रिका दाखवा. प्रश्नाचे शब्द नेमके काय होते?

मीरा_रावपुरा
"रविवर्मा यांच्या शकुंतला या चित्राविषयी सविस्तर लिहा."

विनायक_इंदूर
अहो ताई!

जुना_फळा
मग तिची चूक अर्धीच. तिने सविस्तर लिहिलं. विभागणी तुम्ही आत्ता केलीत, तिला ती माहीत नव्हती. तुमच्याकडे अजून वेळ असेल तर दोघांनाही निबंध परत द्या, विभागणी दाखवा आणि पहिलीला एवढंच सांगा: शेवटच्या पाचशे शब्दांत कण्व, दुर्वास ही नावं न येता लिही. भाषा तिच्याकडे आहेच.

मीरा_रावपुरा
वेळ शुक्रवारपर्यंत आहे. पण मग सव्वीसही जणांना परत द्यावे लागतील, आणि विभागप्रमुख म्हणतील की एकदा घेतलेलं काम दुसऱ्यांदा कसं घेतलं. उद्या विचारून बघते.

शिल्पा_एस
पुढच्या वेळी कीर्तिमंदिरात न्या त्यांना. नंदलाल बोसांची भित्तिचित्रं, १९३९ ते १९४६ मधली, आपल्या गावातच आहेत. गंगावतरणाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण भिंतीपुढे उभं राहून मान वर करावी लागते, ते मोबाइलवर कळतच नाही.

दांडियाबाजारकर
मी पण येतो. कोणत्या वारी जाताय ते कळवा.