मदत हवी आहे: आतड्याचा पीळ दुर्बिणीने सुटला, मग ऑपरेशन कशाला?

निशिगंध: वडिलांचं पोट काल दुपारी एकाएकी नगाऱ्यासारखं फुगलं. रात्री दुर्बीण घालून पीळ सोडवला. आज सर्जन म्हणतात, दोन-तीन दिवसांत आतडं कापू. सुटलाय ना पीळ? संध्याकाळी सही द्यायची आहे, लवकर सांगा.

मुसाफिर: वय? इतर आजार? आतडं काळं दिसलं होतं का?

निशिगंध: ८३. पार्किन्सन्स. बद्धकोष्ठ कायमचंच, त्यात नवीन काय? आतडं गुलाबी होतं म्हणाले. दुर्बीण गेल्याबरोबर वारा नि पातळ मळ असा सुटला की नर्स मागे सरकली! आता गुदद्वारात नळी आहे, मांडीला चिकटवलेली.

हेमांगी: सासूबाईंचं पोट असंच फुगायचं. एरंडेल दिलं की मोकळं. ऑपरेशनच्या भानगडीत पडूच नका.

टाकेवाला: हेमांगीताई, तो साधा मलावरोध असेल. पीळ पडल्यावर वाट दोन्हीकडून बंद होते, तेव्हा वरून जुलाब देणं धोक्याचं.
निशिगंध, मी सर्जन आहे. वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाने डावीकडचं आतडं लांब, सैल होतं, पण त्याचा बुंधा अरुंद राहतो. त्याभोवती ते गरकन फिरतं. दुर्बिणीने फिरलेलं सरळ होतं, लांबी तशीच राहते. म्हणून नुसतं सोडवून घरी पाठवलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना पीळ परत पडतो. तेव्हा आतडं काळं पडलेलं असेल तर तातडीचं ऑपरेशन, बहुधा पोटावर पिशवी, आणि जिवाला कितीतरी जास्त धोका. आता पोट रिकामं आहे, तयारीला वेळ आहे, म्हणून घाई.

मुसाफिर: पण ८३ आणि पार्किन्सन्स! आमच्या काकांना भूलतज्ज्ञांनी नकार दिला होता. दुर्बिणीतूनच आतडं पोटाच्या भिंतीला अडकवलं.

टाकेवाला: भूल झेपणारच नसेल तर तोही मार्ग आहे, पण सगळीकडे होत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती राहते. वडील आधी घरात चालत होते का, यावर बरंच ठरतं.

निशिगंध: काठी घेऊन, हो. भूलतज्ज्ञ अजून आलेच नाहीत.

मुसाफिर: मग त्यांना भेटल्याशिवाय सही नको.

टाकेवाला: हे मात्र बरोबर.

दिगंबर६१: माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी. जाळी चांगली बसवून घ्या.

निशिगंध: काका, हर्निया नाहीये हो. बाबांनी आत्ता झोपेत नळी ओढून काढली. पोट मऊच आहे, लगेच परत घालावी लागेल का?

टाकेवाला: इथे थांबू नका, आधी नर्सला सांगा. नळी एक-दोन दिवस ठेवतात ती लगेच परत पीळ पडू नये म्हणून. परत घालायची की नाही ते पोट तपासून ठरवतील. पोट ताठ झालं, ताप आला किंवा शौचातून रक्त गेलं, तर सहीची संध्याकाळ विसरा, सर्जनला त्याच क्षणी बोलवा.

हेमांगी: एरंडेल नाही तर नाही, कोमट पाणी तरी द्या.

टाकेवाला: ताई, विचारल्याशिवाय तोंडाने काहीच नाही!