प्लॅटफॉर्मचा रकाना आणि बचतीचा हिशेब

"मदत कक्षातल्या प्रत्येक संभाषणात प्लॅटफॉर्मचा, म्हणजे ग्राहक कोणत्या फोनवर किंवा अ‍ॅपवर आहे याचा रकाना हवाय, पण तक्रारी किती कमी होतील हे साहेबांना कसं पटवू?"

आधी गेल्या महिन्यातली २०० बंद संभाषणं स्वतः वाचा. समजा त्यातली ३० पुन्हा उघडली, आणि १२ मध्ये आयफोनवाल्याला अँड्रॉइडच्या पायऱ्या सांगितल्या होत्या. मग दावा १२ चाच करा, ३० चा नको. बाकीच्या १८ तक्रारी या रकान्यानं सुटणार नाहीत, आणि फुगवलेला आकडा तीन महिन्यांनी तुमच्याच अंगाशी येईल.

इथे नाशकात आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या मदत कक्षात हा रकाना संभाषण ज्या मार्गानं आलं त्यावरून आपोआप भरायचा. दिंडोरीकडचे शेतकरी अ‍ॅप अडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात. त्यामुळे सगळीकडे 'व्हॉट्सअ‍ॅप' दिसलं आणि अ‍ॅपमधला बिघाड आठवडाभर कुणाला कळलाच नाही. म्हणून प्रस्तावात दोन रकाने मागा: कुठून लिहिलं आणि कुठे अडलं. पहिला आपोआप भरेल. दुसरा बहुतेक वेळा विचारूनच भरावा लागेल, तो वेळ खर्चात प्रामाणिकपणे धरा. आणि या रकान्याच्या पर्यायांच्या यादीत आधीच निवडलेला पर्याय अजिबात ठेवू नका. घाईत तोच तसाच राहतो.