मदत हवी आहे: ०.१ टक्का परतीच्या पाण्याने आयगेनव्हॅल्यू निम्मी कशी काय झाली?

महापेकर_प्राची

नमस्कार मंडळी. मी महापे एमआयडीसीत सांडपाणी प्रक्रियेच्या कामात आहे. शिक्षण केमिकलचं, गणित कामापुरतं. दोन दिवस एका गोष्टीवर अडले आहे.

आमच्याकडे दहा सारख्या टाक्या एकापुढे एक आहेत. पाणी पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं दहावीतून बाहेर. प्रत्येक टाकीतलं पाणी सरासरी एका तासात बदलतं आणि आतलं पाणी नीट ढवळलेलं असतं असं धरलं आहे. त्यामुळे मॅट्रिक्स सोपा: कर्णावर -1, त्याच्या लगेच खाली 1, बाकी शून्य. दहाही आयगेनव्हॅल्यू -1.

साइटवर गेले तेव्हा कळलं की शेवटच्या टाकीतून पहिलीकडे जाणारी एक जुनी लाइन आहे आणि तिचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. अंदाजे ०.१ टक्का पाणी मागे जात असावं. म्हणून वरच्या उजव्या कोपऱ्यात 0.001 घातलं:

```python
import numpy as np
n, d = 10, 0.001
A = -np.eye(n) + np.eye(n, k=-1)
B = A.copy()
B[0, n-1] = d
print(np.linalg.eigvals(A).real.max())
print(np.linalg.eigvals(B).real.max())
```

पहिलं उत्तर -1.0, दुसरं -0.4988. बाकीच्या बऱ्याच आयगेनव्हॅल्यू तर कॉम्प्लेक्स झाल्या.

याच टाक्यांचं दुसरं मॉडेलही आहे. रात्री प्रवाह बंद असतो, तेव्हा शेजारच्या टाक्या तळाच्या पाइपांतून एकमेकींत दोन्ही बाजूंनी मिसळतात. तो मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे. त्यातही पहिली आणि दहावी टाकी 0.001 ने दोन्ही बाजूंनी जोडून पाहिली. सगळे फरक ०.००२ च्या आत राहिले.

टाक्या त्याच, लाइन तीच. मग एका ठिकाणी हजाराव्या भागाने हजाराव्या भागाएवढाच फरक पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी निम्म्याचा, असं का? NumPy चुकतंय का? सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचं आहे.

घोडबंदर_रोड

प्राची, हा राउंडिंगचा प्रश्न आहे. आयगेनव्हॅल्यू एकसारख्या असल्या की कॉम्प्युटर गोंधळतो. mpmath घे, ५० अंकांनी चालव, -1 परत मिळेल. आणि खऱ्या टाक्या तंतोतंत सारख्या कुठे असतात? प्रत्येकीचा दर थोडा वेगळा टाक, म्हणजे आयगेनव्हॅल्यू सुट्या होतील आणि त्रास संपेल.

ऐरोली_सेक्टर८

आधी np.linalg.cond(A) बघा. आकडा मोठा आला तर मॅट्रिक्सच खराब आहे. आमच्याकडे नेटवर्कची समीकरणं सोडवताना नेहमी हेच निघतं.

महापेकर_प्राची

cond बघितला, साधारण १३ येतो. म्हणजे चांगलाच म्हणायचा ना? आणि ५० अंकांनी चालवूनही -0.4988 च.

तलावपाळी_मास्तर

प्राचीताई, तुमचा NumPy बरोबर आहे. मी ठाण्यात बरीच वर्षं न्यूमरिकल ॲनालिसिस शिकवलं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

ऐरोलीकरांनी सुचवलेला आकडा Ax = b सोडवताना किती चूक वाढेल ते सांगतो. आयगेनव्हॅल्यू किती हलतील याबद्दल तो काहीही सांगत नाही. तुमचा १३ हेच दाखवतो.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि दहाऐवजी तीनच टाक्या धरा. परतीचं पाणी d असेल तर समीकरण येतं (λ+1)^3 = d. d = 0.001 चं घनमूळ 0.1, म्हणून एक आयगेनव्हॅल्यू -0.9. बदल घातलेल्या आकड्याच्या शंभरपट. उरलेली दोन घनमुळं कॉम्प्लेक्स आहेत, तुमच्या कॉम्प्लेक्स आयगेनव्हॅल्यू तिथूनच येतात. दहा टाक्यांना (λ+1)^10 = 0.001 आणि दहावं मूळ 0.501. सगळ्या दहा आयगेनव्हॅल्यू -1 भोवतीच्या 0.501 त्रिज्येच्या वर्तुळावर समान अंतराने बसतात. यात राउंडिंग कुठेच आलेलं नाही, त्यामुळे ५० अंकांनी काही बदलणार नाही.

कारण टाक्यांतच दिसतं. प्रत्येक आयगेनव्हॅल्यूला दोन व्हेक्टर असतात, उजवा x आणि डावा y. उजवा सांगतो की शेवटपर्यंत रेंगाळणारा माल कुठे उरतो. तुमच्या साखळीत तो दहाव्या टाकीत. डावा सांगतो की कुठे ओतलेला माल सर्वांत जास्त काळ परिणाम करतो. ती पहिली टाकी, कारण तिथून सगळा प्रवास बाकी असतो. मॅट्रिक्समध्ये लहान बदल E केला तर आयगेनव्हॅल्यू साधारण yᵀEx / yᵀx इतकी सरकते. एक व्हेक्टर पहिल्या टाकीत, दुसरा दहाव्या. त्यांचा गुणाकार yᵀx शून्य, आणि तो छेदात आहे. शिवाय तुमची गळकी लाइन दहावीतून पहिलीत येते, म्हणजे नेमके हेच दोन व्हेक्टर जोडते. याहून वाईट जागा सापडणार नाही.

रात्रीच्या मॉडेलमध्ये A आणि त्याचा ट्रान्सपोज एकच, म्हणून x आणि y एकच. एकक लांबीचा व्हेक्टर धरला तर छेद १, आणि आयगेनव्हॅल्यू xᵀEx इतकीच सरकते, जी E च्या नॉर्मपेक्षा मोठी होऊच शकत नाही. लहान बदलापुरतंच नाही, हे कितीही मोठ्या सिमेट्रिक बदलाला लागू आहे. हर्मान वाइल यांनी १९१२ मध्ये हे सिद्ध केलं. तुमच्या दुतर्फा जोडणीच्या E चा नॉर्म 0.002. ०.००२ च्या आतला फरक तुम्ही स्वतःच पाहिला आहे.

घोडबंदर_रोड

मास्तर, राउंडिंगचं मान्य, मी चुकलो. पण दर वेगवेगळे केल्यावर तरी yᵀx शून्य राहत नाही ना?

तलावपाळी_मास्तर

बरोबर, शून्य राहत नाही, आणि तुमच्या म्हणण्यातला तेवढा भाग खरा आहे. पण शून्य नसणं आणि पुरेसं मोठं असणं यांत फार अंतर आहे. दर 0.91, 0.93, 0.95 असे 1.09 पर्यंत घ्या. मधल्या आयगेनव्हॅल्यूसाठी d च्या पुढचा गुणक येतो १ भागिले बाकीच्या नऊ दरांशी असलेल्या फरकांचा गुणाकार. तो गुणाकार सुमारे 1.5 × 10^-12, म्हणजे गुणक जवळपास 7 × 10^11. इतक्या मोठ्या गुणकाचं पहिल्या पायरीचं सूत्र 0.001 ला चालणार नाही, पण प्रत्यक्ष सोडवलं तरी आयगेनव्हॅल्यू साधारण त्याच 0.5 त्रिज्येच्या वर्तुळाकडे जातात. दरांतला फरक ०.०९ च्या आसपास, वर्तुळ ०.५ चं.

एकसारख्या आयगेनव्हॅल्यू हे मूळ कारणही नव्हे. [[1, 1000], [0, 2]] हा मॅट्रिक्स पाहा. आयगेनव्हॅल्यू 1 आणि 2, चांगल्या सुट्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात 0.001 घातलं की 0.382 आणि 2.618 होतात. -0.001 घातलं तर दोन्ही कॉम्प्लेक्स.

कोपरी_स्ट्रक्चरल

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. मी इमारतींच्या कंपनांचं काम करतो. K आणि M दोन्ही सिमेट्रिक, तरी चौरस नकाशाच्या एका टॉवरमध्ये एका मजल्याचं वजन अर्धा टक्का बदललं तर पहिल्या दोन मोडचे आकार पार फिरले. आधी x दिशेचा मोड होता, नंतर तिरका. मग सिमेट्रिक सुरक्षित कसं?

तलावपाळी_मास्तर

कोपरीकर, तुमची फ्रिक्वेन्सी किती हलली ते बघा. फार नाही हलली, बरोबर? हमी आयगेनव्हॅल्यूची आहे, व्हेक्टरची नाही. चौरस नकाशात x आणि y दिशेच्या फ्रिक्वेन्सी जवळजवळ सारख्या असतात. अशा जोडीत व्हेक्टर कोणत्या दिशेला बसणार हे इवल्याशा बदलावर ठरतं. त्या दोन मोडचं प्रतल मात्र स्थिर राहतं, म्हणून दोन्ही मोड एकत्र धरून काम करा. आणि inv(M) @ K करून eig वापरत असाल तर ते थांबवा. scipy.linalg.eigh(K, M) वापरा, सिमेट्री टिकते.

कोपरी_स्ट्रक्चरल

फ्रिक्वेन्सी तिसऱ्या दशांशात हलली होती. eig च वापरत होतो. बदलतो.

नेरूळची_मीनल

प्राची, मी टाक्यांचंच काम करते, म्हणून एक प्रश्न. साहेबांना तुला आयगेनव्हॅल्यू सांगायची आहे की बाहेर पडणाऱ्या पाण्याची अवस्था? पहिल्या टाकीत रंग टाकला तर दहावीतली मात्रा t^9 e^-t / 9! ने जाते. नवव्या तासाला शिखर येतं, सुमारे ०.१३२. तिथे परतीच्या ०.१ टक्क्याने काहीच दिसणार नाही. विसाव्या तासाला पहिल्या फेरीचा उरलेला माल ०.००२९, परतून दुसऱ्यांदा आलेला ०.००००९ च्या आसपास, म्हणजे तीन टक्के. तिसाव्या तासाला मात्र चित्र उलटतं: पहिल्या फेरीचा माल दशलक्षात ५.१ भाग, परतीचा ८.९ भाग. म्हणजे -0.4988 खोटी नाही, पण ती शेपटीबद्दल बोलते. पहिल्या दिवसभरात तिचा जवळपास संबंधच येत नाही.

महापेकर_प्राची

मीनलताई, हे फार उपयोगी. साहेबांनी "प्लांट निम्म्या वेगाने साफ होतोय का" असंच विचारलं होतं. आता त्यांना दोन वेगळी उत्तरं देता येतील: शिखराच्या वेळी नाही, तिसाव्या तासानंतरच्या अवशेषांत हो.

पण मास्तर, खऱ्या टाक्यांत पाणी थोडं मागेही मिसळतंच. ओपनिंग रुंद आहेत. तेव्हाही इतकं नाजूक राहतं का?

तलावपाळी_मास्तर

इतकं नाही. समजा पुढे 1 + b जातं आणि मागे b येतं. प्रत्येक टाकीला योग्य तो गुणक देऊन हा मॅट्रिक्स सिमेट्रिक करता येतो, आणि शेवटच्या व पहिल्या टाकीच्या गुणकांचं गुणोत्तर ((1+b)/b)^4.5 येतं. बावर आणि फाइक यांच्या १९६० च्या निकालानुसार आयगेनव्हॅल्यू बदलाच्या जास्तीत जास्त तितक्या पट सरकतात. b = 0.1 असेल तर ही मर्यादा सुमारे ४८,६००. b = 1 असेल तर २३ च्या आत. दुतर्फा मिसळण वाढत गेलं की तुमचं दिवसाचं मॉडेल रात्रीच्या मॉडेलकडे सरकतं. पण लक्षात घ्या, ही वरची मर्यादा आहे. ४८,६०० आली म्हणजे तितकं हलतंच असं नाही.

नेरूळची_मीनल

आणि b किती हे कुणी मोजलेलं नसतं. आमच्याकडे दोन वेगवेगळ्या दिवशी ट्रेसर टेस्ट केली तर दोन वेगळे आकडे आले होते, वाऱ्याने आणि ब्लोअरच्या वेगाने.

महापेकर_प्राची

शनिवारी ट्रेसर टेस्ट लावते. पंचवीस ते पस्तीस तासांदरम्यान दर तासाला नमुना घ्यावा म्हणते, शेपूट तिथेच वळेल. तिसाव्या तासाला मात्रा दशलक्षात सुमारे चौदा भाग इतकी कमी असेल, त्यामुळे आमच्या मीटरला ती दिसेल का ते आधी बघावं लागेल. कुणी इतक्या खालच्या मात्रेला फ्लुओरेसिन वापरलं आहे का?