‘एकच लट टाका, विषय संपला’ म्हणणाऱ्यांसाठी

पेठेतला मुक्काम: ड्रोन आणि खालच्या कॅमेऱ्याचं फुटेज ‘मॅच’ करत रात्री जागवणाऱ्यांनो, कशाला जीव काढता? सगळ्या क्लिपांवर एकच लट, म्हणजे रंगांचा तयार साचा, टाका, वर थोडी ग्रेन, म्हणजे फिल्मसारखी रवाळ पोत, मारा, विषय संपला. प्रेक्षकाला घंटा कळत नाही.

घाटवाट: कळतं हो. काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतंय एवढं नक्की कळतं.

गेल्या जुलैत मुळशीत भातलावणीची बारा मिनिटांची फिल्म केली. खाली सोनी, एस-लॉग ३ या फिकट प्रोफाइलमध्ये, सेकंदाला २५ फ्रेम. वर छोटा ड्रोन, आणि तो उडवणाऱ्या मित्राने साध्या प्रोफाइलवर, ३० फ्रेमवर, सगळं ऑटोवर ठेवून शूट केलेलं. चूक माझीच, आधी बोललो नाही. रोप खोचणाऱ्या मावशींच्या हातावरून कट करून वरून खाचरं दाखवली, तर बायको म्हणाली, “मध्येच जाहिरात लागली का?”

तुमचा उपाय मीही करून पाहिला, मालक. एस-लॉगसाठी बनवलेली लट आधीच रंगवून आलेल्या ड्रोनच्या क्लिपवर टाकली, तर चिखलाचा डांबर झाला आणि हिरवा रंग पोपटी चमकायला लागला. एस-लॉग फिकट असतो म्हणून ती लट कॉन्ट्रास्ट वाढवते. ड्रोनच्या क्लिपमध्ये तो आधीच होता, म्हणजे दोनदा चढला. आधी प्रत्येक कॅमेरा आपापल्या वाटेने रेक-७०९ ला, म्हणजे साध्या स्क्रीनच्या रंगांत, आणायचा, मग एकमेकांशी जुळवायचा, आणि सगळ्यांवर मिळून एक लूक अगदी शेवटी.

जुळवायला धागा सापडला तो एका आजोबांच्या गांधी टोपीत. दोन्ही क्लिपांत तीच टोपी. खाली किंचित पिवळट, वरून निळसर. आधी टोपी पांढरी केली, तेव्हा अर्धं काम झालं. मग हिरवा: ड्रोनचा हिरवा तेवढा धरून पिवळ्याकडे सरकवला आणि थोडा उतरवला. काळा मात्र पूर्ण जुळवला नाही. वरून पाहताना मध्ये धुकट हवा असते, तिथे काळा फिकटच दिसतो. तो ओढून खाली आणला की डोंगर पुठ्ठ्याचे वाटायला लागतात.

एनडीशिवाय नाही: रंगाचं सोडा हो. खरा आजार शटर आहे. २५ फ्रेमला १/५० पाहिजे म्हणजे पाहिजे. एफ २.८ चं फिक्स अ‍ॅपर्चर, आयएसओ १००, कडक ऊन, की शटर जातं १/३२०० वर. प्रकाश अडवणारा एनडी ६४ फिल्टर लावा, बरोबर १/५० येतं. एनडी न लावता ड्रोन उडवणाऱ्याने स्वतःला सिनेमॅटोग्राफर म्हणवून घेऊ नये.

पेठेतला मुक्काम: आले नियम सांगणारे! १०० मीटरवरून ब्लर दिसतोच कुठे?

घाटवाट: हे मात्र पेठेचं बरोबर आहे, लिहिताना बोटं दुखतायत तरी. हिशोब करून बघा. १०० मीटरवरून सरळ खाली पाहिलं तर साधारण १५० मीटर रुंदीचा पट्टा फ्रेममध्ये येतो. ताशी १८ किलोमीटरने गेलात तर एका फ्रेममध्ये २० सेंटिमीटर सरकता. ४के मध्ये ते झाले जेमतेम पाच पिक्सेल, आणि १/५० चा ब्लर त्याच्या अर्धा. शटर १/५० असो की १/३२००, कुणाला फरक कळणार? पण त्याच वेगाने बांधाच्या कडेने, पाच मीटर अंतरावरून उडवा. तिथे एका फ्रेमला शंभरेक पिक्सेल सरकतात. मग प्रत्येक फ्रेम सुरीने कापल्यासारखी आणि चाल टकटक टकटक. तिथे एनडी हवाच. आणि ६४ सुद्धा पाठ करू नका. आमच्याकडे आभाळ भरलेलं होतं, शटर १/४०० वर होतं, एनडी ८ पुरला असता.

एनडीशिवाय नाही: बरं, खाली उडवताना तरी मान्य केलंत. उपकार.

रेशीमगाठ: माझ्या भावाचं लग्न सिंहगड रोडच्या एका लॉनवर झालं. वहिनीचा शालू वांगी रंगाचा. खालच्या कॅमेऱ्यात वांगी, ड्रोनमध्ये चक्क निळा! व्हिडिओवाला म्हणतो, “ताई, वरून असंच दिसतं.” मोबाइलवर फिल्टर लावून दुरुस्त होईल का? आणि पैसे परत मागावेत का?

झोनवाला: शालू राहू द्या, त्या लॉनवर ड्रोन उडवायची परवानगी होती का? पुण्यात लोहगाव आहे, खडकवासल्याला एनडीए आहे. आधी नकाशा बघायचा असतो.

पेठेतला मुक्काम: २४९ ग्रॅमचा असणार. त्याला काही लागत नाही.

झोनवाला: हेच! हेच ऐकून ऐकून कान किटले. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलटचा परवाना लागत नाही, हे खरं. झोन सगळ्यांना सारखाच. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर गेलात की यलो झोन, तिथे परवानगी हवी. सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

एनडीशिवाय नाही: गंमत सांगू? मी फिल्टर लावून ड्रोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. २५१. म्हणजे मी चांगला शॉट घेतला की माझा नॅनो नॅनो राहत नाही.

पेठेतला मुक्काम: मग शटर १/३२०० ठेवा आणि कायद्यात राहा!

झोनवाला: चेष्टा करा. माझ्या मेव्हण्याचा ड्रोन पोलीस घेऊन गेले, चार हेलपाटे घातले तेव्हा मिळाला. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

एनडीशिवाय नाही: मेव्हण्याने कुठे उडवला होता ते सांगा की मग.

झोनवाला: तो विषय नाही.

घाटवाट: विषय नाहीच. धाग्यावर या. एक राहिलं, माझ्या फिल्ममधली सगळ्यात हट्टी अडचण रंगाची नव्हतीच. ३० फ्रेमची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर टाकली की सॉफ्टवेअर दर सहावी फ्रेम गाळतं, म्हणजे सेकंदाला पाच उचक्या. बांध सरकताना अडखळतात, आणि माणूस कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलला शिव्या देत बसतो. क्लिपचा वेग ८३.३३ टक्के करा, सगळ्या फ्रेम वापरल्या जातात आणि उचकी जाते. उंचावरून कुणाला पत्ता लागत नाही. खालून उडवलेल्या क्लिपांत चालणारी माणसं मात्र जड पावलांनी चालल्यासारखी दिसतात, तेवढ्या दोन क्लिपा मी फेकल्या.

पेठेतला मुक्काम: आणि ग्रेन? तीपण चूक?

घाटवाट: नाही, ग्रेन शेवटी मीही टाकली. घ्या, लिहून दिलं. पण त्याआधी ड्रोनची धार मारली. बांधांच्या कडेला पांढरी रेघ दिसत होती, कॅमेऱ्याने आतच शार्प केल्याची. ती जात नाही, किंचित ब्लर देऊन दबते फक्त. सोनी शार्प करून ड्रोनच्या बरोबरीला आणायला गेलात तर मावशींच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती ओरडायला लागते. पुढच्या वेळी ड्रोनमधलं शार्पनिंग आधीच उतरवणार आणि व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे एकाच आकड्यावर बांधणार.

पेठेतला मुक्काम: म्हणजे ग्रेन बरोबर. एवढंच हवं होतं. बाकीचं तुमचं पीएचडी.

रेशीमगाठ: मला कुणी उत्तरच दिलं नाही.

घाटवाट: ताई, ड्रोनचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असणार. मोबाइलच्या फिल्टरने शालू वांगी होईल आणि लॉन तपकिरी. मूळ क्लिपा मागवा. पैशांचं नंतर बघू. दोन्हीकडे दिसणारं पांढरं काही आहे का? अक्षतांचं ताट वगैरे?

रेशीमगाठ: ताट नाही. गुरुजींचं उपरणं आहे, पण त्याला हळद लागलेली.

एनडीशिवाय नाही: मग आतली बाजू बघा.